अपुरा गेम विकत घेताना

24 फेब्रुवारी 2023 रोजी ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2’ हा कॉम्प्युटर गेम विक्रीला आला. किंमत होती जवळपास 50 डॉलर. रॉकेट स्वतः बांधायचं, उडवायचं, कक्षेत न्यायचं, जमलं तर चंद्रावर उतरवायचं आणि माणसं सुखरूप परत आणायची, असा हा खेळ. त्याच्या पहिल्या भागाने जगभरात लाखो लोकांना कक्षा म्हणजे काय, इंधन कधी जाळायचं, यान वळवायचं कसं हे खेळता खेळता शिकवलं होतं. साहजिकच दुसऱ्या भागाकडे लोक डोळे लावून बसले होते.

पहिल्याच दिवशी लोकांनी रॉकेटं उडवली. काहींच्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळत होतं. काहींचं रॉकेट वर जाताना मधल्या सांध्यांतून लवत होतं. पण सगळ्यात चमत्कारिक प्रकार अंतराळात घडत होता. यान कक्षेत नेऊन इंजिन बंद केलं, की त्या यानाने त्याच कक्षेत फिरत राहायला हवं, कारण तिथे त्याला अडवायला हवा नसते. इथे मात्र इंजिन बंद असूनही कक्षा आपोआप बदलायची. ज्या खेळाचा सगळा डोलारा कक्षेच्या गणितावर उभा, त्यात ही चूक म्हणजे पायाच हलण्यासारखं. शिवाय परतीच्या वाटेवर वातावरणात शिरताना यान तापायला हवं, ते तापतच नव्हतं. उष्णतेचा तो भाग गेममध्ये अजून घातलाच नव्हता.

लोक चिडले. पण विक्रीच्या पानावर एका निळ्या चौकटीत स्पष्ट लिहिलेलं होतं: हा ‘अर्ली ॲक्सेस’ गेम आहे. तो पूर्ण झालेला नाही. पुढे तो बदलेल किंवा बदलणारही नाही. आज आहे त्या अवस्थेत खेळायची उत्सुकता नसेल तर थांबा आणि काम पुढे सरकतं का ते बघा.

सूचनेचा हा आशय नीट वाचला पाहिजे. ‘बदलणारही नाही’ हे शब्द त्यात मुद्दाम आहेत. अर्ली ॲक्सेसचा सगळा व्यवहार याच शब्दांवर उभा आहे, आणि घेणाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच निसटतात.

‘स्टीम’ हे कॉम्प्युटर गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. मार्च 2013 मध्ये त्यांनी अर्ली ॲक्सेस या नावाचा विभाग सुरू केला, तेव्हा त्यात जेमतेम डझनभर गेम होते. कल्पना अशी: गेम बनवणाऱ्याने काम अपुरं असतानाच तो विकायला ठेवायचा, घेणाऱ्यांनी तो खेळून चुका आणि सूचना कळवायच्या, आणि विक्रीतून आलेला पैसा व लोकांचं म्हणणं या दोन्हींच्या आधाराने गेम पुरा करायचा. पुढच्या आवृत्त्या, आणि गेम पुरा झाला तर तोसुद्धा, आधी घेणाऱ्याला सहसा वेगळे पैसे न मोजता मिळतात.

स्टीम गेम बनवणाऱ्याकडून काही प्रश्नांची उत्तरं लिहून घेतं आणि ती विक्रीच्या पानावरच छापतं. अर्ली ॲक्सेस का? तो अंदाजे किती काळ चालेल? पूर्ण आवृत्ती यापेक्षा वेगळी कशी असेल? आजची अवस्था काय आहे? पुढे किंमत बदलेल का? लोकांचं म्हणणं तुम्ही कसं ऐकणार? बनवणाऱ्यांसाठीच्या नियमांत स्टीमने हेही सांगून ठेवलं आहे, की भविष्यातल्या गोष्टींची ठाम वचनं देऊ नका, आणि विक्री झाली नाही तर गेम पुराच करता येणार नाही अशी स्थिती असेल तर अर्ली ॲक्सेसमध्ये येऊच नका.

आपल्याकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतात, तसाच हा व्यवहार वाटतो. पण फरक फार मोठा आहे. फ्लॅटच्या बाबतीत रेरा कायदा आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के बिल्डरला त्या प्रकल्पासाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताब्याची तारीख नोंदवावी लागते, ती चुकली तर दाद मागता येते. अर्ली ॲक्सेसच्या गेमला यातलं काहीही लागू नाही. अंदाजे एक वर्ष लिहिलं आणि चार वर्षं लागली तरी कुणी दंड करत नाही. गेम कधीच पुरा झाला नाही तरी, तुम्ही घेतलेली वस्तू तुम्हाला त्याच दिवशी मिळाली होती, असंच धरलं जातं. माझ्या मते म्हणूनच पैसे मोजताना एकच प्रश्न विचारावा: यात यापुढे काहीच भर पडली नाही, तरी आज जे आहे त्याला ही किंमत योग्य आहे का?

अर्ली ॲक्सेस ही मुळातच फसवणूक, असा मात्र याचा अर्थ नाही. उलट पुरावा याच मालिकेत आहे. पहिला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ अपुऱ्या अवस्थेतच लहानाचा मोठा झाला.

मेक्सिको सिटीमध्ये ‘स्क्वाड’ नावाची कंपनी होती. तिचा मूळ धंदा मार्केटिंगचा, गेमचा नव्हे. तिथे नोकरीला असलेल्या फेलिपे फालांगे याच्या डोक्यात या रॉकेटच्या खेळाची कल्पना होती आणि कंपनीने त्याला तो करू दिला. 24 जून 2011 रोजी लोकांसमोर आलेल्या आवृत्तीचा क्रमांक होता 0.7.3. त्यात जवळपास काहीच नव्हतं. मोजके सुटे भाग, एक ग्रह आणि आकाश. जायला चंद्रसुद्धा नव्हता. पण जे होतं ते चालत होतं: भाग जोडले, बटण दाबलं की रॉकेट उडायचं, आणि चुकीचं जोडलं असेल तर कोसळायचं.

मग आवृत्तीमागून आवृत्ती येत गेली. चंद्र आला. 2012 मध्ये इतर ग्रह आले, त्याच वर्षाअखेर 0.18 मध्ये दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडण्याची सोय आली. 2013 मध्ये वैज्ञानिक प्रयोगांचा भाग आला, 2014 मध्ये कंत्राटं आणि पैशांचा हिशोब. गेम वाढत गेला तशी किंमतही वाढत गेली. सुरुवातीला घेणाऱ्यांनी कमी पैसे मोजले होते, कारण त्यांना मिळालेलं कमी होतं. आणि वातावरणात शिरताना यान तापून जळणं हे या पहिल्या गेममध्येही जवळपास चार वर्षं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या भागात जी उणीव लोकांना डाचली, तीच पहिल्यात निमूट चालून गेली होती. पहिल्या गेमच्या प्रत्येक आवृत्तीत खेळण्याजोगं काहीतरी पुरं होतं, पुढची आवृत्ती येत होती, आणि किंमत त्या मानाने होती. उणीव सहन करण्याची लोकांची तयारी या तीन गोष्टींवर ठरते.

डिसेंबर 2014 मध्ये स्क्वाडने 0.90 ही आवृत्ती काढली आणि सांगितलं, की गेम आता ‘बीटा’ अवस्थेत आला आहे. इथे बीटाचा जुना, सॉफ्टवेअरच्या धंद्यातला अर्थ लागतो. त्याआधीची अवस्था ‘अल्फा’. अल्फामध्ये गेमचे भागच अजून बनत असतात. आज आहे ते उद्या काढून टाकलं जाईल, उद्या नवीनच काही घातलं जाईल. बीटा म्हणजे ठरवलेले मुख्य भाग आत आले, आता नवीन काही घालण्यापेक्षा आहे ते घासूनपुसून घ्यायचं. चुका शोधायच्या, अवघड-सोप्याचा तोल बसवायचा, गेम हळू चालत असेल तर त्याचा वेग वाढवायचा. अर्ली ॲक्सेस हा विक्रीचा प्रकार आहे, अल्फा आणि बीटा या कामाच्या पायऱ्या आहेत. म्हणून अर्ली ॲक्सेसमध्ये विकला जाणारा एखादा गेम अल्फात असू शकतो, दुसरा बीटात. दुकानातला शिक्का सारखाच, आतली अवस्था मात्र फार वेगळी.

स्क्वाडने या बीटाच्या पायरीवर फार वेळ घालवला नाही. 0.90 नंतर लोकांना थेट 1.0 मिळाली, 27 एप्रिल 2015 रोजी. मधे आणखी एखादी बीटा आवृत्ती काढा, असं अनेक खेळाडू तेव्हा सांगत होते, कारण 1.0 मध्ये हवेच्या रोधाचं गणित नव्याने मांडलं होतं आणि तापण्याचा भाग पहिल्यांदाच येत होता. या दोन्हींची चाचणी मोजक्या निवडक लोकांनी केली होती, सगळ्या खेळाडूंनी नाही. झालं ते अपेक्षितच होतं. आठवडा उलटायच्या आत 1.0.1 आणि 1.0.2 अशा दोन दुरुस्ती आवृत्त्या काढाव्या लागल्या. पहिलीने हवेच्या रोधाचे आकडे बदलले आणि दुसरीने त्यातले काही पुन्हा मागे फिरवले. त्या चार-पाच दिवसांत कुणी विमान बांधलं असेल तर ते सोमवारी एका तऱ्हेने उडत होतं आणि शुक्रवारी दुसऱ्या तऱ्हेने.

तरीही 1.0 या आकड्याला अर्थ होता. पूर्ण आवृत्ती म्हणजे निर्दोष आवृत्ती, असं कुणी समजू नये. तिचा अर्थ इतकाच, की बनवणारा जाहीरपणे म्हणतो: जो गेम करायचं मी ठरवलं होतं तो हा, आता याला पूर्ण गेमच्या मापाने मोजा. त्या दिवसापासून ‘अजून काम चालू आहे’ ही सबब संपते. परीक्षण लिहिणारे सहसा याच वेळी आपलं मत नोंदवतात. जुने सेव्ह, म्हणजे खेळाडूने जपून ठेवलेला खेळ, पुढच्या अपडेटनंतरही उघडेल अशी अपेक्षा धरता येते. अपुऱ्या आवृत्तीत ती धरता येत नाही. महिनाभर खपून उभारलेला अंतराळतळ नव्या आवृत्तीत उघडलाच नाही, तर तो व्यवहाराचा भाग मानावा लागतो.

बीटा या शब्दाचा आणखी एक वापर आहे आणि मोबाइलवर खेळणाऱ्यांना तोच जास्त परिचयाचा. अनेकजण एकाच वेळी ऑनलाइन खेळतात असे गेम बाजारात येण्याआधी काही दिवस किंवा काही महिने लोकांना खेळायला देतात, बहुधा फुकट. ठरावीक लोकांनाच दिला तर क्लोज्ड बीटा, येईल त्याला दिला तर ओपन बीटा. इथे कंपनीला मुख्यतः सर्व्हर तपासायचे असतात. ऑफिसात बसलेले वीस-पंचवीस जण कितीही खेळले तरी लाखभर लोक एकदम आत आल्यावर काय कोसळतं ते कळत नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने आपला ‘इंडस’ हा गेम ऑक्टोबर 2024 मध्ये सगळ्यांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड बीटामधून बराच काळ चाळून घेतला.

अशा बीटामध्ये मिळवलेले गुण, हत्यारं, पायऱ्या चाचणी संपताना पुसल्या जाणं नेहमीचंच. पण दर वेळी तसं होतंच असंही नाही. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे आपली मुलं ज्याला बीजीएमआय म्हणतात तो गेम, 17 जून 2021 रोजी अँड्रॉइडवर चाचणीसाठी खुला झाला आणि 2 जुलैला अधिकृतपणे आला. त्या पंधरा दिवसांतली प्रगती आणि केलेली खरेदी पुढे कायम राहील, असं कंपनीने सांगितलं होतं. म्हणून बीटामध्ये पैसे खर्च करण्याआधी हे पुसलं जाणार की राहणार, ते वाचून घ्यावं. घरातलं लहान मूल खेळत असेल तर पालकांनी वाचावं. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गूगल प्ले स्टोअरवर चाचणीतल्या ॲपबद्दल वापरणाऱ्याने लिहिलेला अभिप्राय फक्त बनवणाऱ्यापर्यंत जातो, लोकांना दिसत नाही. त्यामुळे तिथे तक्रारी दिसत नाहीत म्हणजे तक्रारी नाहीत, असं समजू नये.

आता पुन्हा दुसऱ्या कर्बलकडे. स्क्वाडकडून हा गेम 2017 मध्ये टेक-टू या मोठ्या अमेरिकी कंपनीने विकत घेतला. दुसऱ्या भागाची घोषणा 2019 मध्ये झाली, तो 2020 मध्ये येणार होता. मधे तो बनवणारा स्टुडिओ बदलला, तारखा पुढे गेल्या आणि शेवटी 2023 मध्ये तो अर्ली ॲक्सेस म्हणून आला. सोबत कामाचा आराखडा जाहीर झाला होता. आधी विज्ञान, मग परग्रहांवरच्या वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मग शोधमोहिमा, आणि अखेर अनेकांनी मिळून खेळण्याची सोय.

यातला पहिला टप्पा, म्हणजे 0.2, आला 19 डिसेंबर 2023 रोजी. जवळपास दहा महिन्यांनी. तो चांगला होता, यान तापूही लागलं आणि बरेच नाराज लोक परत आले. पण आराखड्यातले आणखी चार टप्पे बाकी होते. 2024 च्या एप्रिलअखेर सिएटलमधल्या सुमारे 70 जणांच्या नोकऱ्या जाणार असल्याची बातमी आली आणि जूनअखेर तो स्टुडिओ बंद झाला. जूनमध्येच शेवटची लहानशी आवृत्ती आली. त्यानंतर वसाहती आल्या नाहीत, तारे आले नाहीत. गेम मात्र विक्रीच्या पानावर तसाच राहिला.

इथे मला राग येतो तो उणिवांचा नाही. पहिला कर्बल पूर्ण झाला तेव्हा त्याची किंमत 40 डॉलर होती. दुसरा अपुरा असताना 50 घेतले. किंमत पुऱ्या गेमची आणि जबाबदारी अपुऱ्या गेमची, हा हिशोब घेणाऱ्याच्या बाजूने कधीच जुळत नाही. शिवाय काम चालू ठेवायचं की थांबवायचं हे गेम बनवणाऱ्यांच्या हातात नव्हतं. आपल्याला वाटतं मोठी कंपनी पाठीशी आहे म्हणजे गेम नक्की पुरा होणार. पण छोट्या गटाचं पोटच त्या एका गेमवर असतं, आणि मोठ्या कंपनीसाठी तो जमाखर्चातली एक ओळ असू शकतो.

अपुरा गेम घ्यावासा वाटला तर त्याची प्रकृती पानावरूनच बरीचशी कळते. सगळ्यात आधी शेवटच्या अपडेटची तारीख बघा. मग मागच्या वर्षभरातले अपडेट उघडून वाचा. नुसती ‘लहान दुरुस्त्या’ अशी ओळ आहे, की काय बदललं ते नीट लिहिलं आहे? अलीकडे स्टीम स्वतःच, बऱ्याच महिन्यांत अपडेट आला नसेल तर, तशी सूचना चौकटीत दाखवतं. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. नंतर बनवणाऱ्याने लिहिलेली उत्तरं वाचा आणि ‘अंदाजे एक वर्ष’ असं लिहून तीन वर्षं उलटली असतील तर ते ध्यानात घ्या. लोकांच्या अभिप्रायांतही सगळ्या काळाची सरासरी न बघता मागच्या 30 दिवसांतले अभिप्राय वेगळे वाचावेत.

पैसे परत मिळण्याचा नियम अपुऱ्या गेमलाही लागू आहे. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम सहसा पैसे परत देतं. मात्र रॉकेट बांधण्याच्या खेळात दोन तास पहिलं रॉकेट जोडण्यातच निघून जातात. म्हणून घेतल्या घेतल्या आधी मुख्य गोष्ट तपासा: आपल्या कॉम्प्युटरवर तो सुरळीत चालतो का, खेळ सेव्ह होऊन परत उघडतो का. सजावट नंतर. आणि सेव्ह जपायचा असेल तर गेमच्या नावावर उजवं क्लिक करून `Properties` मध्ये `Betas` हा भाग बघून ठेवा. बनवणाऱ्याने ठेवली असेल तर तिथे जुनी आवृत्ती निवडता येते.

एका नावाच्या गोंधळापासूनही जपा. काही मोठे गेम जास्त पैसे भरणाऱ्यांना ठरलेल्या तारखेआधी तीन-चार दिवस खेळू देतात आणि जाहिरातीत त्यालाही अर्ली ॲक्सेस म्हणतात. तो गेम पूर्ण झालेला असतो, तुम्ही फक्त आधी आत जाण्याचे पैसे भरता. स्टीमने 2024 च्या एप्रिलमध्ये याला ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’ असं वेगळं नाव दिलं आणि त्या दिवसांत खेळलेला वेळही दोन तासांच्या मोजणीत धरला जाईल असं ठरवलं. तीन-चार दिवसांसाठी जादा पैसे मोजण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

पहिल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ची शेवटची मोठी आवृत्ती, 1.12, 24 जून 2021 रोजी आली, 0.7.3 च्या बरोबर दहा वर्षांनी. त्यात चंद्र आहे, ग्रह आहेत, यान तापतं, कक्षा जागेवर राहते. घरात कुणाला रॉकेटचं वेड असेल तर तो घ्या. दुसरा भाग आज आहे तसा घेऊ नका.